कोंडाजीची सही

रंगरावाने हिशेबाचे काम कराडच्या गुळाच्या अडतीत शिकून घेतले होते. तिथे खाते म्हणजे माणूस. खाते उघडले की त्या माणसाचे नाव, गाव आणि स्वभावसुद्धा डोळ्यांसमोर यायचा. पिंपरीच्या पंपांच्या कारखान्यात तो कारकून म्हणून लागला, आणि इथे वाळूलाही खाते आहे हे पाहून पहिले काही महिने तो चक्रावून गेला.

त्याचे काम दिसायला सोपे होते. माल देणाऱ्यांची बिले टेबलावर यायची. प्रत्येकावर तो शिक्का मारायचा. शिक्क्यात दोन चौकटी होत्या. एकीत खात्याचा नंबर लिहायचा, म्हणजे खर्च कशाचा. दुसरीत विभागाचा नंबर, म्हणजे खर्च कोणासाठी. ओतकामाची फौंड्री, मशिनशॉप, रंगखाते, ऑफिस, प्रत्येकाचा नंबर वेगळा. महिनाअखेरीस त्या नंबरांवरून कोणत्या विभागाने किती खाल्ले याचा तक्ता वर जायचा.

बिलावर विभाग कधीच लिहिलेला नसे. म्हणून मुख्य हिशेबनीस अर्जुनरावांनी नियम घालून दिला होता. "मालाबरोबर येणाऱ्या चलनावर ज्याची सही, त्याचा खर्च. डोके चालवू नका, रंगराव. डोके चालवले की तक्ता चुकतो."

रंगरावाने डोके चालवले नाही.

एका दुपारी फौंड्रीचा मुकादम कोंडाजी थेट ऑफिसात शिरला. कासारवाडीचा जुना रहिवासी. अंगावर काजळी, पायांत काही नाही. त्याला पाहून टायपिस्टने खुर्ची मागे ओढली.

"रंगराव, आमी वाळू खातो का?"

"काय झालं?"

"बबनराव सायब म्हनलं, फौंड्री बंद. ओतकाम भायेरनं आनायचं. आपलं लई म्हाग पडतंय म्हनं. टनामागं वाळूच येवढी लागती, म्हनं तक्ता सांगतोय. तक्ता कुनी केला?"

"मी."

"मंग तुमीच सांगा."

रंगरावाने बिलांची फाईल काढली. वाळू पुरवायचा लालमहंमद. बिलावर नेहमी एकच शब्द, 'वाळू', आणि पुढे लॉऱ्या. हिवाळ्यापासून लॉऱ्या वाढतच गेल्या होत्या. प्रत्येक बिलाला चलन जोडलेले, आणि प्रत्येक चलनावर कोंडाजीची सही. मोठी, वळणदार. प्रौढांच्या वर्गात ती सही तो शिकला होता आणि एकही कागद तो सहीवाचून जाऊ देत नसे.

"सही तुमची आहे, कोंडाजी."

"माजीच हाय. माल अंगनात उतरला, मी सही केली. न्हाई करायची व्हय?"

रंगराव त्याच्याबरोबर अंगणात गेला. फौंड्रीमागे वाळूचे दोन ढीग होते. कोंडाजीने एकातली मूठभर घेऊन दाबली. मूठ उघडली तरी बोटांचे ठसे तसेच राहिले.

"ही साच्याची. आता ती बगा."

दुसरी वाळू रंगरावाच्या बोटांतून भुरुभुरु गळाली. हातात खडे उरले.

"ही साच्यात घातली तर ढलपं निघत्याल. ही गवंड्याची."

"मग ती इथं कशाला?"

कोंडाजीने हात लांब केला. पलीकडे नव्या शेडच्या भिंती उभ्या राहत होत्या. मधली जमीन काळी, भुसभुशीत. लॉरी त्यात रुतायची, म्हणून माल इकडे उतरायचा आणि गवंडी घमेल्यांनी वाहून न्यायचे.

सबंध शेडची वाळू त्याने फौंड्रीच्या गळ्यात बांधली होती. ती लागायला हवी होती चालू बांधकामाच्या खात्याला. बांधकाम ही कारखान्याची मालमत्ता, ओतकामाच्या दरात तिचा एक खडाही यायला नको. इथे मात्र शेड स्वस्त दिसत होती आणि फौंड्री बुडीत.

लालमहंमद गेटवरच भेटला.

"लालमहंमद, बिलावर कुठली वाळू ते लिहीत का नाही?"

"रंगरावभाऊ, बबनराव साहेब तोंडी सांगतात, दोन लॉऱ्या टाक. मी टाकतो. कोंडाजी सही देतो. तुम्ही पास करता. आजवर तुम्ही तरी कधी विचारलंत?"

लॉऱ्या वाढताना रंगरावाने पाहिल्या होत्या. फौंड्रीला काम वाढले असेल, असे स्वतःशी म्हणून त्याने शिक्का मारला होता.

अर्जुनरावांनी सगळे ऐकून घेतले आणि चष्मा पुसला.

"ते महिने बंद झाले, रंगराव. तक्ते वर गेले."

"जर्नल नोंद करता येईल, साहेब. फौंड्रीतून काढून बांधकामाला टाकू."

"येईल की. त्यावर ज्याच्या अंगावर खर्च जातो त्याची सही लागेल. शेड बबनरावांची. जा, आणा."

बबनराव कारखान्याचे व्यवस्थापक. ते हसले.

"शेडला मंजुरी किती ती ठाऊक आहे ना? तुमची वाळू इकडे आली की ती ओलांडली जाते. मग मुंबईच्या हेड ऑफिसला उत्तर कोण देणार, तुम्ही?"

"पण साहेब, वाळू शेडचीच आहे."

"पुरावा? माझी ऑर्डर आहे? चलनावर माझी सही आहे? ज्याची आहे त्याने लिहून द्यावं की, माल माझा नव्हता आणि तरी मी सही ठोकली. मग बघतो."

रंगराव तिथून निघाला तेव्हा त्याचे कान तापले होते. ऑर्डर तोंडी द्यायची ती यांनी, आणि पुरावा मागायचा तोही यांनीच! तो पुन्हा अर्जुनरावांकडे गेला. अर्जुनराव म्हणाले, "बरोबर आहे त्यांचं." तो स्टोअरमध्ये गेला. स्टोअरवाला म्हणाला, "वाळू आमच्याकडे येतच नाही, थेट उतरते." गवंड्यांच्या मुकादमाला विचारले. तो म्हणाला, "घमेली कोण मोजतंय, राव?" दिवसभर चपला झिजवून हाती शून्य.

संध्याकाळी भट्टीपाशी त्याने कोंडाजीला बबनरावांची अट सांगितली. "लिहून देऊ नका. तुम्हाला बेजबाबदार ठरवतील. मुकादमी जाईल."

"आन् न्हाई दिलं तर?"

भट्टीभोवतीचे साचे थापणारे मोल्डर हात थांबवून ऐकत होते.

"मंग लिवा तुमी. मी सही करतो."

"अहो, तीच तर नडली आपल्याला!"

"तीच सोडवंल. लिवा."

रंगरावाने लिहिले. कोंडाजीने कागद गुडघ्यावर धरून नेहमीसारखी सावकाश, वळणदार सही केली. आता बबनरावांना नाही म्हणता येईना. मंजुरी ओलांडल्याचे आधी का कळले नाही, याला मुंबईला दाखवायला दोषी माणूस मिळाला होता. त्यांनी जर्नल नोंदीवर सही केली. वाळू शेडच्या खात्याला गेली, फौंड्रीचा दर खाली आला, बंद करण्याचा हुकूम मागे घेतला गेला.

त्याच आठवड्यात दुसरा हुकूम निघाला. न पाहता मालाच्या पावत्या दिल्याबद्दल कोंडाजी मुकादमीवरून कमी. उद्यापासून साधा मोल्डर.

रंगराव अर्जुनरावांना म्हणाला, "चलनावर माल कुठं वापरायचा ते लिहायची एक चौकट छापून घेऊ, साहेब. आणि मलाही मेमो द्या. मी अंगणात एकदाही गेलो नव्हतो."

"मेमो कशाला? तुम्ही नियमानंच वागलात," अर्जुनराव म्हणाले. "चौकटीचं पुढच्या छपाईला पाहू. जुनी चलनं अजून पेटीभर आहेत."

रंगराव तडक फौंड्रीत गेला. कोंडाजी उकिडवा बसून साचा थापत होता. शेजारी नवा मुकादम सोनबा अवघडून उभा होता.

"कोंडाजी, मी वर अर्ज करणार आहे. हा अन्याय आहे. चूक माझी, नियम त्यांचा, आणि—"

"रंगराव, मागं सरका."

"ऐका तरी."

"तुमी वाळूत उबं हाय. चपलंचा खडा पडंल साच्यात."

रंगराव मागे सरकला. कोंडाजीने त्याची पावले उमटलेली वाळू चाळून घेतली आणि पुन्हा थापायला लागला.