खिडकीकडची तार

निपाणीच्या डॉक्टरांना मी विद्यार्थी असताना लिहिलेलं एक पत्र गेल्या वर्षी त्यांच्या मुलीनं माझ्या हाती परत दिलं. चार पानं, आणि सोबत आलेखाच्या कागदावर पेन्सिलीनं काढलेल्या लाटा. काही ओळींखाली डॉक्टरांनी लाल रेघ ओढलेली होती.

आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजचं तोंड पाहिलं नव्हतं. बेळगावात शिकून मी डॉक्टरकीसाठी मुंबईला गेलो, तो या डॉक्टरांच्या भरवशावर. 'अडलं की लिही, लाजू नको,' एवढंच त्यांनी स्टँडवर सांगितलं होतं.

दुसऱ्या महायुद्धाची लढाई संपत आली होती तेव्हाची गोष्ट. वॉर्डात माझ्या वाट्याला निपाणीजवळच्या कोगनोळीचे एक आप्पा आले. गिरणीतल्या मुलाकडं आले होते, आणि छातीत धडधडतं म्हणून मुलानं दवाखान्यात आणलं. आपल्या बोलीतला माणूस भेटला म्हणून त्यांनी माझा हातच सोडला नाही. हृदयाचा आलेख काढायच्या खोलीत त्यांना नेलं, तर पलंग बघून ते उभेच राहिले.

"उशी कुठल्या अंगाला हाय रं?"

"उत्तरेला, आप्पा."

"मग मी न्हाय झोपायचा. उत्तरेला डोस्कं मढ्याचं करत्यात. मी अजून जित्ता हाय!"

मला हसू आलं, पण आमच्या घरीही तेच चालतं. मी उशी उचलून पायथ्याला ठेवली. आप्पा खुशीत आडवे झाले. यंत्र चालवणारे काका पडद्याआड फिल्म भरत होते. तारांवरच्या खुणा पुसट झालेल्या, म्हणून त्यांनी मला पहिल्याच दिवशी शिकवून ठेवलं होतं: खिडकीकडची तार उजव्या हाताची, भिंतीकडची डाव्या. मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या पट्ट्या मी त्याप्रमाणे बांधल्या.

दुसऱ्या दिवशी फिल्म धुऊन आली. पहिल्या लीडमधल्या, म्हणजे दोन हातांच्या तारांमधून निघालेल्या आलेखातल्या, सगळ्या लाटा खाली तोंड करून होत्या, सुरुवातीची लहान लाटसुद्धा. वॉर्ड सांभाळणाऱ्या रजिस्ट्रार साहेबांनी खिडकीशी धरून बघितलं आणि खूश झाले.

"उजवीकडचं हृदय! पुढच्या बुधवारी मोठे साहेब येतील, वर्गापुढं दाखवू."

"पण सर, छातीवर हात ठेवला तेव्हा मला ठोका डाव्या बाजूला लागला होता."

"तुझा हात अजून कच्चा आहे," ते म्हणाले, आणि निघून गेले. एक्स-रे काढून लगेच कळलं असतं, पण त्या फिल्मची तेव्हा टंचाई होती.

आप्पांनी विचारलं तेव्हा मी भाबडेपणानं सांगून टाकलं. ते हळूच म्हणाले, "म्हंजे नांगर सुटला म्हण की माझा." त्या दिवशी त्यांनी भाकरीला हात लावला नाही. हृदय उजवीकडं असलं तरी माणूस नांगर धरू शकतो, हे मी वाचलं होतं. पण समजावताना माझाच आवाज डळमळीत येत होता. आलेख खरा मानावा की हात, हेच मला कळत नव्हतं. तेच मी डॉक्टरांना लिहिलं. काय महत्त्वाचं ते समजत नसल्यामुळं सगळंच लिहिलं, मढ्याची गोष्टसुद्धा.

मंगळवारी उत्तर आलं. पोस्टकार्डावर बारीक अक्षरात:

'लाटा नीट उतरवल्यास. दुसरी आणि तिसरी लीड अदलाबदल करून बघ, साधी दिसतील. हृदय उजवीकडं असलं तरी असंच दिसतं, म्हणून हात ठेवून बघायचं. तू बघितलं आहेस. उशी पायथ्याला गेल्यावर आप्पांचा कुठला हात खिडकीकडं आला?'

मी जिन्यात बसून मनातल्या मनात स्वतःलाच पलंगावर उताणं झोपवून बघितलं. डावा! म्हणजे उजवी तार डाव्या हाताला गेली होती.

पोस्टकार्ड घेऊन रजिस्ट्रार साहेबांकडं गेलो. "चूक माझी आहे सर, तारा मी बांधल्या," म्हणालो. त्यांनी कार्ड दोनदा वाचलं, तसेच वॉर्डात आले आणि आप्पांच्या छातीवर हात ठेवला. बराच वेळ ठेवला.

"डावीकडंच आहे," ते म्हणाले. "मी त्याच दिवशी हात लावायला हवा होता. चल, पुन्हा काढू."

आप्पा पुन्हा दक्षिणेलाच डोकं करून झोपले. या खेपेला मी खिडकीकडं बघितलंच नाही.

"आप्पा, जेवायचा हात कुठला?"

"ह्यो की. इसरलास व्हय?"

त्या हाताला उजवी तार बांधली. पायाची डाव्या पायालाच नेली, जरी ती कुठल्याही पायाला चालते. फिल्म आली, सगळ्या लाटा जागच्या जागी. मोठ्या साहेबांनी बुधवारी तपासून सांगितलं, हृदय ठीक आहे, तंबाखू कमी करा, गावी जा.

"आन् नांगर?" आप्पांनी मला विचारलं.

"धरा."

त्या दिवशी त्यांनी माझ्या वाटणीची भाकरीही खाल्ली.

पत्रात लाल रेघ नेमकी कुठं आहे ते मी परवा पाहिलं. 'मी उशी उचलून पायथ्याला ठेवली' या वाक्याखाली, आणि 'मला ठोका डाव्या बाजूला लागला' याखालीही. अजूनही तारा बांधताना मी जेवायचा हात विचारतो. आमचे तरुण डॉक्टर हसतात. हसू देत.