पुठ्ठ्याच्या खोक्यांची चौकशी

कारखान्यात तिला सगळे टाचणी म्हणत. तोंडावर कोणी म्हणत नसे, पण तिच्या कानावर आलं होतं. अंतर्गत ऑडिटची प्रमुख कँटीनमध्ये आली की शेजारच्या टेबलावरच्या गप्पा एकदम क्रिकेटवर जात. घरी आईसुद्धा ताट वाढताना विचारायची, "आज कोणाला टोचून आलीस?" आईला ते नाव माहीत नव्हतं. तिच्या तोंडी तो शब्द आपसूकच आला होता.

निनावी तक्रार आली ती ईमेलवर. तक्रारींची ही पेटी दोघंच उघडू शकत होते, एक टाचणी आणि दुसरे ऑडिट कमिटीचे अध्यक्ष, बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ. अर्धी तक्रार परचेस मॅनेजरच्या नव्या गाडीबद्दल आणि उर्मटपणाबद्दल होती. पण मध्येच तीन वाक्यं होती: "पुठ्ठ्याचे खोके हे साहेब घरच्याच माणसाकडून घेतात. तीन कोटेशन येतात, तिन्ही एकाच घरातून. विश्वास नसेल तर खोका हातात घेऊन बघा."

तिचा सहकारी म्हणाला, "कोणीतरी राग काढलाय."

"काढला असेल. पण रागातही माणूस खरं बोलतो. गाडी आणि स्वभाव बाजूला ठेव. तपासता येईल असं काय आहे तेवढं काढ."

तिनं तक्रारीची नोंद केली, आणखी काही सांगता येईल का असं त्याच पत्त्यावर विचारलं. उत्तर आलं नाही. मग तिनं अध्यक्षांना फोन केला. परचेस मॅनेजर थेट एमडींच्या हाताखाली होता, म्हणून चौकशी कमिटीच्याच देखरेखीखाली व्हायला हवी होती. फोन ठेवण्याआधी ती म्हणाली, "आणखी एक. माझे वडील आजारी होते तेव्हा या माणसानं स्वतःची गाडी दिली होती. रात्रभर हॉस्पिटलच्या बाकावर बसला होता."

अध्यक्ष म्हणाले, "हे लेखी द्या. काम तुम्हीच करा, पण एकही पाऊल एकटीनं टाकू नका. शेवटचा निष्कर्ष मी स्वतः तपासेन."

सगळ्यात आधी कोणाला सुगावा लागायच्या आत मॅनेजरच्या मेलची आणि कॉम्प्युटरची प्रत काढून सीलबंद झाली. मग पुरवठादारांची माहिती कर्मचाऱ्यांच्या माहितीशी ताडून पाहिली. कोटेशनमध्ये हरलेल्या एका पुरवठादाराचा फोन नंबर मॅनेजरच्या स्वतःच्या फॉर्मवर सापडला, "अडचणीच्या वेळी संपर्क: मेहुणा" या रकान्यात. तिन्ही कोटेशनच्या फायली एकाच कॉम्प्युटरवर बनल्या होत्या. "पुठ्ठा" या शब्दाची चूकही तिन्हींत सारखीच होती. ऑर्डरी लहान लहान रकमांत अशा तोडल्या होत्या की एकीवरही एमडींची सही लागू नये. ती आणि सहकारी तिन्ही पत्ते बघून आली. एका ठिकाणी शटर गंजलं होतं, दुसऱ्या ठिकाणी शिंपी कपडे शिवत बसला होता. खोक्यांचं नाव त्यानं ऐकलेलं नव्हतं. खरं गोडाऊन एकच निघालं. ते मेहुण्याच्या बायकोच्या नावावर होतं.

उरला माल. त्यासाठी स्टोअरच्या लोकांशी बोलणं भाग होतं. नेहमीची साठा तपासणी आहे असं सांगून तिनं स्टोअरमधल्या चौघांनाही बोलावलं, म्हणजे एकावरच नजर जाणार नाही. रिकामी खोली एकच होती, वजनकाट्याशेजारची, काचेच्या भिंतीची.

तिघं दहा-दहा मिनिटांत उठले. स्टोअरकीपर, ज्याला सगळे भाऊ म्हणत, तो बोलतच राहिला. त्यानं खोक्यावर अंगठा दाबला, अंगठा आत गेला.

"मॅडम, हा पुठ्ठा आहे की बिस्किट? वर दुसरा थर रचला की खालचा बसतो. मी रिजेक्टचा शिक्का मारतो, मग परचेसमधून फोन येतो, घेऊन टाका. लेखी मागितलं की म्हणतात, तुझा विश्वास नाही का?"

"हे सगळं लिहून घेते. वाचून सही कराल?"

"करतो की. खोटं थोडंच बोलतोय!"

काचेपलीकडून परचेसचा एक कारकून दोनदा गेला. तिला ते दिसलं, पण ती पडदा शोधेपर्यंत भाऊची सही झाली होती.

मॅनेजरला तिनं सगळ्यात शेवटी बोलावलं. सहकारी शेजारी बसून टिपणं घेत होता. मॅनेजर आधी हसला, मग चिडला, मग मेहुण्याचं मान्य करून म्हणाला, "नातं सांगितलं नाही, चुकलं. पण दर वाजवी होता. मी एक पैसा घेतला नाही."

"बाकीची दोन कोटेशन कोणी बनवली?"

त्यानं खुर्ची जवळ ओढली. मग हळूच म्हणाला, "बाबांच्या वेळी मी बाकावर बसलो होतो. आठवतंय?"

"आठवतंय. ते मी कमिटीला पहिल्याच दिवशी सांगितलं."

त्याचा चेहरा उतरला. तिनं पुढचा प्रश्न विचारला. उठताना तो म्हणाला, "ती तक्रार लिहिली भाऊनंच ना?"

"मला माहीत नाही. आणि शोधायचंही नाही."

तो हसला. तिला काचेपलीकडचा कारकून आठवला.

अहवालात तिनं लिहिलं: नातं लपवलं, सिद्ध. खोटी स्पर्धा, सिद्ध. मंजुरी टाळण्यासाठी ऑर्डरी तोडल्या, सिद्ध. स्वतः पैसे घेतले, पुरावा नाही.

सहकारी वैतागला. "सगळ्यांना माहीत आहे की!"

"माहीत असणं वेगळं, सापडणं वेगळं. त्याचं बँक खातं आपण पाहू शकत नाही."

कोटेशन परचेसबाहेरच्या माणसानं उघडावीत, नाकारलेला माल परचेसच्या फोनवर घेऊ नये, आणि बोललेल्या कोणालाही त्रास होऊ नये, हेही लिहिलं. अध्यक्षांनी पुरावे स्वतः चाळले. कमिटीनं अहवाल मान्य केला.

मॅनेजरनं "वैयक्तिक कारणास्तव" राजीनामा दिला. त्याला पुष्पगुच्छ मिळाला. एमडींनी भाषणात त्याच्या योगदानाचा उल्लेख केला.

महिन्याभरात भाऊची बदली झाली, लांबच्या डेपोत.

ती एमडींच्या केबिनमध्ये गेली. ते म्हणाले, "नेहमीची बदली आहे. त्या माणसानं तक्रार केली म्हणून कोणी काही केलेलं नाही."

"त्यानं तक्रार केली असं मी म्हटलंच नाही, सर."

एमडींनी पाण्याचा ग्लास सरकवला. तिनं एमडींचे शब्द जसेच्या तसे कमिटीला लेखी कळवले. एचआरनं जुन्या तारखेचा बदलीचा प्रस्ताव दाखवला. तो मागाहून बनवल्याचा संशय तिला होता, पण सिद्ध करता आलं नाही. कमिटीनं "नोंद घेतली" असं लिहिलं.

भाऊ टेबल आवरत होता. मुलगी दहावीला, म्हणून बायको इथेच राहणार होती.

"मॅडम, ते पत्र मी लिहिलं नव्हतं."

"लिहिलं असतं तरी काही चुकीचं नव्हतं."

"तेच म्हणतो. लिहायलाच पाहिजे होतं. शिक्षा झालीच आहे, तर गुन्हा तरी आपला असायला हवा होता." तो हसायला गेला, जमलं नाही. "मला विचारलं म्हणून मी बोललो. एवढंच."

तिला माफी मागायची होती. पण माफी मागितली असती तर त्यानंच तिची समजूत काढली असती. ती उभी राहिली, त्याची एक पिशवी उचलून गेटपर्यंत गेली. रिक्षात बसताना त्यानं सवयीनं तिला नमस्कार केला.

वर्षअखेरच्या बैठकीत एमडी आनंदानं म्हणाले, "या वर्षी त्या प्रकरणानंतर एकही निनावी तक्रार नाही. वातावरण सुधारलंय."

"लोक गप्प झालेत, सर," टाचणी म्हणाली. "हे इतिवृत्तात लिहा."

इतिवृत्त लिहिणाऱ्यानं एमडींकडे पाहिलं. त्यांनी पुढचा विषय घेतला, आणि त्यानं पेन खाली ठेवलं.