सुट्टी नावाची शिक्षा

शर्टाची घडी घालून कॉलरखाली टाचणी टोचायची, हे तिचं काम. म्हणून कारखान्यात सगळे तिला टाचणीच म्हणायचे. अंगानं किरकोळ, बोलणं टोकदार, त्यामुळे नाव चपखल बसलं होतं.

बायका कंत्राटी. कोणाला कामावर घ्यायचं, कोणाला नाही, ते सुपरवायझर ठरवायचा. कामगारांची काळजी घ्यायला नेमलेला माणूस, म्हणून बायका त्याला मागं ‘कुंपण’ म्हणत. शेत कोण खातं, ते सांगायला नको.

कुंपणानं कधी कोणाला काढून टाकलं नाही. तो फक्त म्हणायचा, “उद्या सुट्टी.” ज्या बाईनं जादा वेळ थांबायला नकार दिला, तिला सुट्टी. शिवी ऐकून वर बघितलं, तिला सुट्टी. सुट्टी म्हणजे त्या दिवसाची मजुरी बुडाली. बाहेर पोरं सुट्टीच्या नावानं उड्या मारतात. इथं तो शब्द ऐकून बायका बुडणारे पैसे मोजायच्या.

एकदा इस्त्रीवरच्या नव्या मुलीच्या खांद्यावर त्यानं हात ठेवला. मुलगी आक्रसून गेली. टाचणी शेजारीच होती.

“साहेब, हात मशीनला लावा. तिला नको.”

लाइनवर कोणीतरी फिसकन हसलं. कुंपण हसला नाही. “तुला आरामाची गरज आहे,” म्हणाला. “उद्या सुट्टी.”

उद्याची परवा झाली. परवाची तेरवा. टाचणी रोज फाटकापर्यंत जायची आणि पहारेकरी खाली मान घालून सांगायचा, “मावशी, आज यादीत नाव नाही.” लागोपाठ गैरहजर दिसलं की कंत्राटदार नाव कायमचं काढतो, हे तिनं बघितलं होतं. घरी मुलाच्या कॉलेजची फी तोंड वासून उभी होती.

रोज कामाला येते याचा पुरावा हवा होता, पण आपल्या फोनमध्ये तो ठेवायची सोय नव्हती. कुंपण कोणाचाही फोन मागून चाळायचा, आणि बायकांच्या ग्रुपमध्ये त्याचा मेव्हणाच बसला होता. म्हणून टाचणी फाटकावरून परतली की कोपऱ्यावर थांबून दुसऱ्या गावच्या धाकट्या जावेला बोलून निरोप पाठवायची. जावेनं ऐकला की टाचणी तो आपल्या फोनमधून पुसायची, पण फक्त आपल्यापुरता. जावेच्या फोनमध्ये तो तारीखवेळेसकट राहायचा.

“जाऊबाई, इतकी वर्षं माझ्याशी धड बोलला नाहीत,” जाऊ म्हणाली, “आता रोज सकाळी तुमचाच आवाज!”

“हौस नाही मला. जपून ठेव.”

कामगार संघटनेत काम करणाऱ्या एका बाईला टाचणीनं ते निरोप जावेच्या घरी ऐकवले. पहिलाच निरोप होता, “आज मला सुट्टी आहे. घरी चालले.”

संघटनेच्या बाईनं कपाळाला हात लावला. “अहो, हे तर कंत्राटदार खिशात घालून फिरेल! त्याच्या हजेरीपटावर ‘रजा’ लिहिलेलं असणार. तुम्हीही तेच म्हणताय.”

टाचणीनं निरोप पुन्हा लावून ऐकला. इतके दिवस ती कुंपणाच्याच शब्दात बोलत होती. कारखान्यात सगळ्यांनाच तसं बोलायची सवय. “मग पुसू का?”

“अजिबात नाही. आज एक पुसलं, तर उद्या म्हणतील आणखी काय काय पुसलं. आजच्या तारखेला नवा निरोप पाठवा, तुमच्याकडे सुट्टी कशाला म्हणतात ते सांगणारा. आणि यापुढं घडलं तसंच सांगा. कधी आलात, कोणी काय म्हटलं, कोणी ऐकलं. तो दुष्ट आहे वगैरे नको. ते ऐकणाऱ्याचं त्याला कळेल.”

“आणि ती मुलगी?”

“तिला विचारलंत?”

विचारलं होतं. मुलगी म्हणाली होती, माझं नाव नको, घरी कळलं तर काम बंद होईल. त्यामुळं कामगार कार्यालयात दिलेल्या तक्रारीत ते नाव आलं नाही. टाचणीला ते खुपलं. पण जखम जिची, तोंड उघडायचा हक्कही तिचा.

पुढचे निरोप वेगळे होते. “कामाला आले. फाटकावर अडवलं. पहारेकरी म्हणाला, यादीत नाव नाही. मागं दोघी उभ्या होत्या.”

कामगार कार्यालयात कंत्राटदारानं हजेरीपट पुढं केला. तिच्या नावापुढं ओळीनं रजा. अधिकाऱ्यानं निरोप ऐकले, सुट्टीचा अर्थ सांगणारा दोनदा ऐकला. मग विचारलं, “इतक्या रजा मागितल्या, तर एक तरी अर्ज असेल ना?” कंत्राटदार कागद चाळत राहिला. “पुढच्या तारखेला अर्ज आणा. फाटकावरची नोंदवही आणि रोजच्या याद्यासुद्धा. तोपर्यंत बाईंना कामावरून अडवायचं असेल, तर कारण लेखी द्या.”

निकाल लागला नव्हता. बुडालेली मजुरी अजून हवेतच होती.

दुसऱ्या दिवशी ती फाटकावर गेली, तेव्हा कुंपण स्वतः यादी घेऊन उभा होता. मागं बायकांची रांग.

“टाचणी, तुला आज...” तो म्हणाला आणि थांबला.

ती शांतपणे उभी राहिली. “बोला ना साहेब. पूर्ण बोला.”

रांगेत कोणी हसलं नाही. सगळ्या ऐकत होत्या. इस्त्रीवरची नवी मुलगीसुद्धा मान वर करून ऐकत होती.

कुंपण यादीकडे बघत बाजूला झाला. “आत जा,” म्हणाला.