उंदराच्या जागेवरून

फोन आला तेव्हा माझे दोन्ही हात तणसात होते. मोठ्या गणपतीच्या पोटाला भाताचं तणस बांधत होतो, सुतळी दातात धरलेली. सुनेनं फोन माझ्या कानाला लावला. पलीकडून सुखदेवची बायको, सुमनवहिनी बोलल्या, "भाऊजी, गेले तुमचे जनावरवाले." एवढंच... मी सुतळी दातातून काढली नाही. हातातली गाठ पुरी मारली, मग हात धुतले आणि निघालो. लोक म्हणतील, कसला माणूस हा. पण गाठ अर्धी सोडली तर सगळं तणस सुटतं, आणि अर्धं सोडलेलं काम सुखदेवला चालत नसे. मी त्याच्याच रीतीनं निघालो, असं समजा.

मध्यप्रदेशातल्या ह्या बालाघाटात आमचं मूर्तीचं काम ज्यांनी पाहिलं त्यांना माहीत आहे, देव मी करत असे आणि देवाचं वाहन सुखदेव. गणपती माझा, उंदीर त्याचा. दुर्गा माझी, सिंह त्याचा. तो बौद्ध दीक्षा घेतलेल्या घरातला. देवाला हात जोडणार नाही, मूर्ती करणार नाही, हे त्यानं मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी विचारलं, "मंग सिंह कसा करशीन? थो पण देवाचाच होय ना?" तर म्हणाला, "सिंह जंगलातला होय. देवानं त्याले कामावर ठेवलं, त्यात त्याचा काय दोष?" मी हसलो नाही. मी कोणाच्या विनोदावर लवकर हसत नाही. पण माणूस ठेवून घेतला.

त्याला मी शोधला तो लांजीच्या बाजारात. पोळ्याचे दिवस होते आणि तो मातीचे बैल मांडून बसला होता. बैल सगळेच करतात. ह्याच्या बैलांकडे पाहिलं तर वाटायचं, आत्ताच नांगर सोडून आलेत. त्याच वर्षी एका शंकराच्या देवळाला नंदी हवा होता, आणि माझ्या हातून जनावर कधी नीट झालं नव्हतं. हे मी तेव्हा कोणाला सांगितलं नाही, आता सांगतो कारण आता विचारणारा कोणी नाही. त्यानं नंदी केला. बसलेला, पुढचा एक पाय मुडपलेला, दुसऱ्याचा खूर जमिनीला टेकवून असा ठेवलेला की म्हटलं तर उठेल. तोंड पिंडीकडे. देवळाचे लोक म्हणाले, तोंड दाराकडे करा, येणाऱ्या माणसाला चांगलं दिसेल. सुखदेव म्हणाला, "येणाऱ्याकडे पाह्यलं तं थो चौकीदार झाला. नंदी चौकीदार नोहे. एवढं ताकदीचं जनावर उठू शकते, पण बसून राह्यते आणि एकाच जागी पाह्यते. त्याले पाहून माणसाले समजते, इथं कसं बसाचं." नंदी पिंडीकडेच पाहत राहिला. आजही लोक त्याच्या कानात आपलं मागणं सांगतात आणि मग त्याच्या शिंगांमधून देवाला पाहतात.

त्याचं सगळं म्हणणं ह्यातच आलं. देव काय करतो ते हातातल्या शस्त्रावरून कळतं, पण देव कसा आहे ते खालच्या जनावरावरून कळतं, असं तो मानत असे. मी त्याच्याशी भांडायचो. मी म्हणायचो, देव चेहऱ्यात असतो. तो माझा साचा उचलून दाखवायचा. देवीचं तोंड आम्ही साच्यातून काढतो आणि मग धडातून वर आलेल्या काडीवर बसवतो. साचा एकच. "हे तोंड दुर्गेचं होय का सरस्वतीचं? सांग," तो म्हणायचा. मी साचा फिरवून पाहायचो. मग तो म्हणायचा, "हंस ठेवला का सरस्वती. सिंह ठेवला का दुर्गा. बाई तेच, खालचं बदललं का बाई बदलते." सिंहातही त्याचे दोन प्रकार. महिषासुर मारायचा असेल तर सिंहाचे दात रेड्याच्या मानेत आणि शेपूट उभी. शांत बसलेली देवी असेल तर तोच सिंह तोंड मिटून, शेपूट पायाशी गुंडाळून. "जे मारू शकते आणि मारत नाही, त्याच्यावरच बसता येते," हे त्याचं बोलणं. कार्तिकेयाच्या मोराच्या पायाखाली साप असतो, तो त्यानं कधी मेलेला केला नाही. दाबलेला, पण फणा जिवंत.

जेवताना एकदा मी त्याला चिडवलं, "देव मानत नाहीस आन् त्यांच्या घरचं सगळं ठाऊक तुले." तो भाकर मोडत म्हणाला, "त्यांच्याच घरचं पाह्य ना. बापाचा बैल, मायचा सिंह. सिंहानं बैल खावा. बापाच्या गळ्यात साप, एका पोराचा उंदीर, दुसऱ्याचा मोर. सापानं उंदीर खावा, मोरानं साप खावा. कोणी कोणाले खात नाही. एवढे दुश्मन एका घरी राह्यते, तं तू अन् मी एका ताटात काहून नाही?" आणि माझ्या ताटातली मिरची उचलून नेली.

उंदराचं मात्र तो हसून बोलत नसे. सुरुवातीला मी उंदराला किंमत देत नव्हतो. एवढासा उंदीर, मूर्तीच्या पायाशी कुठेतरी ठेवला की झालं. सुखदेव उंदीर ठेवायचा, मग त्या जागी पोतं अंथरून स्वतः बसायचा. गुडघे पोटाशी घेऊन, डोकं जमिनीपासून हातभर, तिथून वर पाहायचा. पहिल्यांदा मला वाटलं कंबर धरली. मग म्हणाला, "तुळशा, दिसत नाही."

"काय दिसत नाही?"

"तुहा देव. पोट दिसते, सोंड दिसते. तोंड नाही दिसत. मान वाकव."

"देवाची मान वाकवू? उंदरासाठी?"

"हौ. थो त्याले वाहून नेते ना? ज्याले वाहून नेते त्याचं तोंडच दिसलं नाही, तं थे नुसतं ओझं झालं."

मी फार बोललो त्या दिवशी. पण माती ओली होती आणि तो उठत नव्हता. शेवटी डोकं काडीवर बसवताना मी मान थोडी पुढे झुकवली, डोळ्यांच्या बाहुल्या खाली आणल्या. मूर्ती मंडपात गेली तेव्हा बायका म्हणाल्या, ह्या वर्षी गणपती आपल्याकडे पाहतो. तेव्हापासून माझे सगळे गणपती किंचित झुकलेले. ही माझी ओळख झाली. ही ओळख कुठून आली ते मी आज लिहून ठेवतो.

काही वर्षांपूर्वी मोठ्या मंडळाचा अध्यक्ष पंकज आला. तरुण, मराठी घरातला, पण बोलतो हिंदीच. "दादाजी, इस बार शेर पर बिठाओ. चूहा पंडाल में दिखता ही नहीं." मी त्याला हाकलणार होतो. पण त्याच्यासोबतचे पंडितजी म्हणाले, शास्त्रात आहे. सत्ययुगात गणपती सिंहावर, त्रेतात मोरावर, द्वापरात उंदरावर आणि कलियुगात घोड्यावर. पंडितजींचं खरंच होतं. सुखदेव त्यांना म्हणाला, "बराबर हाय महाराज. पाच तोंडाचा हेरंब सिंहावरच असते." त्यानं सिंह केला, असा की मला त्याच्याजवळून जाताना भीती वाटे. सिंहावर बसवलं आणि मूर्तीची मान आपोआप ताठ झाली. राजा झाला गणपती. खाली पाहायला जागाच नव्हती. सुखदेव बराच वेळ पाहत बसला. रंगाच्या दिवशी मला सिंहाच्या पुढच्या पंजांमध्ये एक उंदीर दिसला. पंकज ओरडला, "काका, ये क्या?" सुखदेव म्हणाला, "पुराना नौकर है. छुट्टी पे नहीं गया." त्या वर्षी मंडपात पोरं सिंह सोडून उंदीर शोधत होती.

उन्हाळ्यात तो खाटेला लागला. मी भेटायला गेलो तेव्हा पिशवीत एक उंदीर नेला होता. माझ्या हातचा. त्याला सांगायचं होतं, तू नाही आलास तरी काम अडत नाही. त्यानं उंदीर डोळ्यांजवळ धरला, उलटा केला, शेपूट पाहिली. "हे उंदीर नोहे. डुकराचं पिल्लू होय."

"डोळे गेले तुहे."

"कान कायले खाली पाडले? उंदीर पळते, तुळशा. आवाज झाला का पळते. पेरलेलं, साठवलेलं सगळं कुरतडते आन् पळते. मनासारखं. थे देवापाशी थांबलं, हे दाखवाचं असते. कान उभे, मागचे पाय उडी माराच्या तयारीत... आन् तरी जागेवर." बोलून दमला. सुमनवहिनींनी पाणी दिलं. मग उंदीर मला परत देत म्हणाला, "तुही मान नाही वाकत, म्हणून तुले थो दिसत नाही." मी रागानं उठलो. ती शेवटची भेट.

त्याच्या घरी विहारातले भंतेजी आले होते. वंदना झाली, मी मागे बसलो. घर साधं, भिंतीशी त्याचे पोळ्याचे बैल ओळीत. सुमनवहिनी म्हणाल्या, "एक न्या भाऊजी." मी नेला नाही. ते नांगर सोडून आलेले बैल त्याच घरचे.

काही दिवसांनी पंकज आला. मोठा गणपती ओल्या मातीत उभा होता, डोकं नुकतं काडीवर बसवलेलं, मान अजून सरळ. "दादाजी, काका तो रहे नहीं. चूहा रहने दो, हम प्लास्टिक का रख देंगे. और इस बार गर्दन सीधी रखना, रोड से चेहरा दिखना चाहिए." मी म्हणालो, उद्या ये. वाकलेली मान म्हणजे सुखदेव होता, हे त्याला काय सांगू. मान ताठ ठेवली तर आमच्या कामातून तो निघून जाईल, आणि मूर्ती तर माझ्याच नावानं ओळखली जाते. कोणाला कळणारही नाही.

मी उंदीर करायला बसलो. एक मोडला, दुसरा मोडला. कान उभे केले तर तो घाबरलेला दिसे, पाय आवरले तर झोपलेला. शेवटी एक असा झाला की मागचे पाय ताणलेले, आणि पुढचे दोन्ही एका लाडवावर. पळून जाणारा, पण अजून न गेलेला. डुकराची थोडी झाक आहे, नाकाशी. ती राहू दिली.

त्याचं पोतं घडी करून मूर्तीच्या पाटाखाली होतं. ते ओढलं, अंथरलं, उंदराला बाजूला सरकवून त्याच्या जागी बसलो. ह्या वयात गुडघे पोटाशी घेणं सोपं नाही, आणि मी असा कोणापुढे कधी बसलो नाही. वर पाहिलं. पोट दिसलं. सोंड दिसली. तोंड दिसेना. आयुष्यभर मी देवाचं तोंड केलं ते समोर उभा राहून, माझ्या उंचीवरून. हात न जोडणारा तो माणूस मात्र दरवर्षी इथून, खालून, ते तोंड शोधत होता...

दुसऱ्या दिवशी पंकज आला तेव्हा मी शिडीवर होतो, दोन्ही हात देवाच्या कानांमागे. "दादाजी, झुका क्यों रहे हो? रोड से नहीं दिखेगा." मी म्हणालो, "खाली बस." तो हसला. मी पुन्हा म्हणालो, "त्या पोत्यावर बस. वर पाह्य." माझा आवाज ऐकून बसला. पांढरी पॅन्ट, तरी बसला. मी मान आणखी बोटभर झुकवली आणि विचारलं, "दिसून राह्यला का?"

त्यानं मान मागे टाकून वर पाहिलं. मग मराठीत म्हणाला, "हौ, दादाजी. आता दिसला."

प्लास्टिकचा विषय नंतर निघाला नाही. गणपती गेला, माझ्या उंदरासकट. दुर्गेचं काम सुरू आहे. सिंह बाकी आहे, तो कसा होईल मला माहीत नाही. पोतं मात्र पाटापुढे अंथरलेलंच आहे. सून घडी करायला आली तर मी करू देत नाही. रोज सकाळी काम सुरू करायच्या आधी त्यावर बसतो, आणि खालून दिसत नसेल तर उठून देवीची मान वाकवतो.