मामाच्या मैदानावरचा फुगा

मी कोणाच्या शब्दावर उडत नाही. आई म्हणते, हा माझा जन्माचा रोग आहे. लहानपणी ती 'दूध तापलं नाही' म्हणाली तरी मी बोट बुडवून बघायची. हेलिकॉप्टर चालवायला लागल्यापासून रोग आणखी वाढला. एकदा एका पुढाऱ्याच्या माणसाने 'आभाळ साफ आहे' असं छातीठोक सांगितलं आणि मी निम्म्या वाटेतून परत फिरले होते. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. आणि त्या दिवशी तर ताक माझ्या मामाकडचं होतं.

मामाच्या मुलीचं लग्न त्याच्या गावी, अड्याळला. नवरदेव नागपूरचा. मामाने आमच्याच कंपनीचं हेलिकॉप्टर ठरवलं आणि गावभर सांगत सुटला, "माही भाची जवायाले आभायातून उतरवते!" पंचक्रोशीत अशी वरात कोणी पाहिली नव्हती. मामाची सारी इज्जत त्या एका उतरण्याला टांगलेली होती, हे मला ठाऊक होतं. म्हणूनच मी जास्त सावध होते. ज्याला आपण यायलाच हवे असतो, तो हवामान कधीच खरं सांगत नाही.

आदल्या संध्याकाळी मी स्वतः जाऊन शाळेचं मैदान पाहून आले. तार नाही, खांब नाही, मधोमध हेलिकॉप्टर उतरण्याची खूण म्हणून चुन्याने काढलेला मोठा एच. पूर्वेच्या कडेला पाण्याची टाकी आणि तिच्या मागे तलाव. मामा माझ्या मागेमागे मोबाईलवर फोटो काढत हिंडत होता.

सकाळी नागपूर विमानतळावर धुकं. शेरवानीतला नवरदेव माझ्या शेजारी उभा होता. तेवढ्यात समोर एक मोठं विमान धुक्यातून अलगद धावपट्टीवर टेकलं.

"मॅडम, ते उतरलं की! आपण कायची वाट पाहून राहिलो?"

त्याच्या नजरेत चक्क संशय होता. बाईमाणूस, घाबरली असेल. मी रागावले नाही म्हणणं खोटं होईल.

"ते आयएफआरवर आलं," मी म्हटलं. "म्हणजे यंत्रांच्या भरवशावर. बाहेर काही दिसो न दिसो, टॉवरच्या परवानगीने, आखून दिलेल्या वाटेने. धावपट्टीकडून त्याला रेडिओचा इशारा मिळतो, तो धरून ते खाली येतं. शेवटी ठरलेल्या उंचीवर धावपट्टी दिसली नाही तर त्यालाही परत वर जावं लागतं."

"मग आपल्याले ते येत नाही का?"

"मला येतं. परवाना आहे, यंत्रंही आहेत. अड्याळच्या शाळेला येत नाही. तिथे ना इशारा, ना आखलेली वाट. तिथे फक्त व्हीएफआर. डोळ्यांनी बघून जायचं, डोळ्यांनी बघून उतरायचं, तेही दिवसाउजेडी. पाच किलोमीटरपर्यंत दिसायला हवं आणि ढगापासून लांब राहायला हवं. ढगातून, धुक्यातून जायचं असेल तर आयएफआरच लागतं, आणि आयएफआरने शाळेच्या मैदानात उतरता येत नाही. बस, एवढंच आहे."

त्याला पटलेलं नव्हतं. पालथ्या घड्यावर पाणी.

ऊन वर आलं, तसं नागपूर मोकळं झालं. आता प्रश्न अड्याळचा. तिथली थंडीतली धुकी मी लहानपणापासून ओळखते. तलावावर जी बसतात, ती उन्हाला दाद देत नाहीत. मामाला फोन लावला.

"एकदम साफ हाय वो! निया आभाय! ये लवकर, बँडवाले थांबून हायेत."

सोबत फोटो. खरंच निळंभोर आभाळ. पण नुसतंच आभाळ! धुक्याची चादर पातळ असली की मान वर केल्यावर निळं दिसतंच. वरूनही खालचा एच दिसतो. तिरकं उतरायला लागलं की सगळं गडप. ताकाला जाऊन भांडं का लपवतोस, मामा?

"वरचा नको. समोरचा, टाकीचा पाठव. आत्ताचा."

थोडा वेळ गेला. मग टाकीचा फोटो आला. स्वच्छ, लख्ख. नवरदेव खुशीत म्हणाला, "चला मग!"

मी फोटो मोठा केला. टाकीची लांब सावली पलीकडे, तलावाकडे पडलेली. सकाळचं ऊन तलावाकडून येतं, सावली मैदानात पडायला हवी होती. हा कालच्या संध्याकाळचा फोटो होता. एका कोपऱ्यात माझी ओढणीसुद्धा दिसत होती.

माझ्या डोक्यात सणक गेली. सख्खा मामा! ज्याच्या खांद्यावर बसून मी मंडईच्या जत्रेत दंडारीचे खेळ पाहिले, तो मला खोटा फोटो दाखवून बोलावत होता.

"जाऊन तर पाहू, नाही जमलं तर वापस येऊ," नवरदेव म्हणाला.

कागदावर ते बरोबर होतं. पण वर पोचल्यावर खाली बँड, शेजारी नवरदेव, एच ओझरता दिसतोय... मी परत फिरले असते? मला धुक्यापेक्षा माझाच भरवसा नव्हता.

"गाडी काढा," मी म्हटलं. "आत्ता निघालात तर मुहूर्त गाठाल."

मी मामाला कळवलं तेव्हा तो फक्त "बरं" म्हणाला आणि फोन ठेवला. हेलिकॉप्टर इंजिनिअरच्या ताब्यात देऊन मीही वऱ्हाडाच्या शेवटच्या गाडीत बसले. पवनीच्या रस्त्याला लागलो तसं धुकं दाट झालं. ड्रायव्हर दिवे लावून, रस्ता चाचपत चालला होता. नवरदेवाच्या गाडीतून मला एकही फोन आला नाही.

अड्याळला पोचलो तेव्हा धुकं नुकतंच फाटत होतं. गाडीतून उतरलेल्या नवरदेवाला पाहून पोरं ओरडली, "अरे, हा तं रस्त्यानं आला!" मंडपात हशा पिकला. मामाने मान खाली घातली. माझ्याकडे पाहिलंही नाही.

मी तडक मैदानाकडे गेले. भांडायला मुद्दा हवा होता. वर पाहिलं आणि जागीच थांबले. धुक्याच्या वर एक भला मोठा लाल फुगा तरंगत होता, दुकानाच्या उद्घाटनाला लावतात तसला. त्याची बारीक नायलॉनची दोरी खाली येत येत नेमकी एचच्या मधोमध ठोकलेल्या खुंटीला बांधलेली. काल हे नव्हतं.

मामा मागून आला होता.

"तूच काल म्हणत होती न, तुले दिसलं पायजे म्हून," तो हळूच म्हणाला. "खालचं धुकं तं मी हटवू शकत नव्हतो. म्हटलं, वरतून काईतरी दिसू दे पोरीले. फुगा दिसला का तिथंच खाली ये."

भांडायचं राहूनच गेलं. मी त्याचा हात धरला आणि दोरीवर ठेवला.

"मामा, फुगा दिसला असता. ही दिसली नसती. मागच्या पंख्यात गुंतली असती की हेलिकॉप्टर गरागरा फिरून खाली."

त्याने दोरी मुठीत धरली. सोडेना. मंडपातून भटजी हाका मारत होते.

"जवाई बसनार होता न त्याच्यात?"

"होता."

"अन तू?"

"मीच तर चालवणार होते, मामा."

तो तिथेच, एचवर, नव्या धोतरासकट खाली बसला. मी त्याला उठवून मंडपात नेलं. मंगलाष्टकं सुरू झाली तेव्हा, टाकायच्या आधीच, त्याच्या मुठीतल्या अक्षता निम्म्या बोटांमधून सांडून गेल्या होत्या.