साखरेचा भाव आणि मामांचा हट्ट

भवानी पेठेतलं आमचं किराणा दुकान माझ्या सासऱ्यांनी उभं केलं. त्यांना मी मामा म्हणते. गल्ल्यावर ते बसतात आणि मापं मी घालते. त्यामुळे गिऱ्हाईक हसतं त्यांच्याशी आणि भांडतं माझ्याशी.

चौकापलीकडे मोठं सुपरमार्केट उघडलं, तेव्हा मामा कडक इस्त्रीचे कपडे घालून ते बघायला गेले. परत आले ते पडलेल्या चेहऱ्यानं. आम्ही घाऊक बाजारातून पोतं ज्या भावानं आणतो, त्याहून तिथली साखर किलोमागं दोन रुपयांनी स्वस्त होती. आमची खरेदी चढी आणि त्यांची विक्री उतरती.

"आमी बी उतरवतो की," मामा म्हणाले. "त्यांच्यापेक्षा एक रुपया खाली."

मी सांगून पाहिलं. तिथं साखरेला गेलेला माणूस येताना बादली, दोन चादरी आणि बिस्किटांचे पुडे घेऊन येतो. साखरेत गेलेलं ते चादरीत काढतात. आपल्याकडे साखरेला आलेला माणूस फार तर काडेपेटी घेतो. किलोमागं तीन रुपये खिशातून घालायचे, म्हणजे जितकं विकू तितकं बुडू.

"गिऱ्हाईक टिकंल की," असं म्हणून त्यांनी खडूनं पाटी लिहिली आणि बाहेर टांगली. मामांचा हट्ट म्हणजे हट्ट. मी भांडी तेवढी जरा जोरात आपटली.

आणि गर्दी झाली. लग्नघर असल्यासारखी झाली. मामा खुशीत येऊन माझ्याकडे असे बघत होते, की मला त्यांच्या हातातली सुपारीसुद्धा खुपत होती. सगळे साखरच मागत होते. डाळीकडे कुणी ढुंकूनही बघेना.

एक गृहस्थ सकाळी दहा किलो घेऊन गेले, दुपारी दुसरी पिशवी घेऊन आले आणि संध्याकाळी टोपी घालून आले. टोपीनं मिशी झाकली जात नाही. ते पलीकडच्या गल्लीतले किराणा दुकानदार होते.

"तुमी स्वतः दुकानदार, आन् आमच्याकडनं साखर नेता?" मी विचारलं.

"वैनी, घाऊकवाल्यापेक्षा तुमच्याकडंच स्वस्त पडतीया," ते जराही न लाजता म्हणाले. "हमालीबी न्हाय."

मला इतकं हसू फुटलं की मापातली साखर सांडली. मामांना हसू आलं नाही. त्या दिवशी ते जेवलेही अर्धंच, आणि मग मात्र मला वाईट वाटलं. आणखी दोन-तीन महिने असं चाललं तर दुकानाला कुलूपच लागणार होतं, हे आता त्यांनाही कळलं होतं.

जेवणानंतर मी म्हणाले, "साखर आपल्या खरेदीवर रुपयाभर चढवू. ज्याला पोतंभर पाहिजे तो तिकडं जाईल. चहाच्या वेळी पावशेर लागली की आपल्याकडंच येईल. आणि ज्वारीला किलोमागं दोन रुपये वाढवू."

मंगळवेढ्याची ज्वारी हा आमचा खरा माल. मी ती चाळून, खडे काढून ठेवते. इथल्या बायका दाणा तळहातावर घेतात, फुंकतात, दाताखाली कट्‌ करून फोडतात आणि मगच घेतात. सुपरमार्केटात पाकीट फोडून दाणा चावला तर रखवालदार येईल. तेव्हा या मालाची तिथल्या भावाशी तुलना होतच नाही.

"इतक्या वर्सांच्या गिऱ्हाईकावर भाव चढवायचा?" मामा म्हणाले. "त्यांना तोंड कसं दाखवू?"

तरी सकाळी त्यांनी पाटी काढली. नवा भाव मात्र मीच सांगायचा, असं ठरलं.

पहिल्याच आल्या त्या मागच्या गल्लीतल्या काकू. माझं लग्न व्हायच्या आधीपासून त्या आमच्याकडची ज्वारी नेतात. त्यांनी दाणा फोडला आणि भाव विचारला. मी सांगायच्या आत मामाच मान खाली घालून बोलले, "दोन रुपये वाढवलंय काकू. दुकान चालवायचं तर वाढवावं लागतंय."

काकू दाणा चघळत थांबल्या. मग म्हणाल्या, "म्हंजी बंद करत न्हाय तुमी?"

"बंद? कोण म्हणतंय?" मामांनी विचारलं.

"समदी गल्ली म्हणतीया. पडत्या भावानं साखर काढायला लागला, तवा आमाला वाटलं, उरला माल संपवताय. म्हणून तर मीबी दहा किलो साखर भरून ठिवली." त्यांनी पिशवीचं तोंड माझ्यापुढे उघडून धरलं. "ज्वारी आता कुटनं आणायची, ह्या घोरानं मला झोप न्हाय बगा. द्या पाच किलो."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी पदरानं पुसून टाकलं. मामांनी मान वर केली. मग घसा खाकरून म्हणाले, "पाचच? दहा न्या की."