बॅगवाली मुलगी

मृणालिनी वेंगुर्लेकर काळाचौकीच्या चाळीत वाढली. बाविसाव्या वर्षी ती गिरगावातल्या एका फोटो स्टुडिओत जुने फोटो दुरुस्त करायला लागली. फाटलेला कोपरा जोडायचा, उडालेला चेहरा परत भरायचा. वीस वर्षं हेच केल्यामुळे फोटोत कुणी फेरफार केलाय का, हे तिला नजरेनेच कळायचं. स्टुडिओ बंद झाला आणि परळमध्ये फोटोंची खातरजमा करणाऱ्या एका छोट्या कंपनीने तिला बोलावलं, ते या नजरेसाठीच. बातम्यांची संकेतस्थळं, वकील, कधी पोलीस तिथे फोटो पाठवत आणि विचारत, हा कॅमेऱ्याने काढलाय की संगणकाने बनवलाय?

उत्तर मुख्यतः एक संगणक-प्रणाली द्यायची. सौमित्र नावाच्या इंजिनिअरने ती बांधली होती. फोटो टाकला की शून्य ते शंभरमधला आकडा यायचा. जितका मोठा, तितका बनावटपणाचा संशय जास्त. तिची एक साधी आवृत्ती लोकांसाठी संकेतस्थळावर फुकट ठेवलेली होती. पहिल्या वर्षी मृणालिनी प्रत्येक फोटो स्वतः बघायची. दुसऱ्या वर्षी फोटो इतके वाढले की ती आधी आकडा बघू लागली. आकडा कमी असला की सहसा पुढे बघायची नाही.

गेल्या जानेवारीत एका बातम्यांच्या संकेतस्थळाकडून एक फोटो आला. करी रोडच्या एका गल्लीत शाळेची व्हॅन उभी, दार उघडं, आणि चालक आठ-नऊ वर्षांच्या बॅगवाल्या मुलीला दंडाला धरून आत ओढतोय. मुलीचं तोंड रडवेलं. परिसरातल्या सगळ्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर तो सकाळपासून फिरत होता. प्रणालीचा आकडा आला अकरा. मृणालिनीने दोन ओळींचं उत्तर पाठवलं, 'बनावटपणाच्या खुणा आढळल्या नाहीत.' संकेतस्थळाने त्याचं करून टाकलं, 'फोटो खरा असल्याचं तज्ज्ञांचं मत.'

फोटोतल्या चालकाचा चेहरा परिसरात ओळखीचा होता. त्याचं नाव होतं आनंदा घाडी. दुपारी शाळा सुटायच्या वेळी पंधरा-वीस माणसांनी त्याला व्हॅनमधून खाली ओढलं. उजवा हात दोन ठिकाणी मोडला. पोलीस वेळेवर आले म्हणून तो जगला.

दुसऱ्या दिवशी पोलिसांना कळलं की अशी मुलगी कुठल्याच शाळेत नाही, आणि कुणाची मुलगी हरवल्याची तक्रारही नाही. त्यांनी कंपनीला फोन केला. मृणालिनीने फोटो पडद्यावर मोठा केला आणि स्टुडिओत बघायची तसा पाहिला. फोटोभर कॅमेऱ्याच्या फोटोत असतो तसा रवाळ, बारीक दाणा होता, पण तो सावलीत आणि उन्हात अगदी सारखाच. खऱ्या फोटोत तो असा एकसारखा पसरत नाही. कुणीतरी तो वरून पेरला होता.

सौमित्रने नोंदी उघडल्या. फुकटच्या आवृत्तीत टाकलेले फोटो महिनाभर साठवलेले असत. घटनेच्या दोन दिवस आधी हाच फोटो एका नव्या खात्यावरून टाकला गेला होता, स्वच्छ, मोठ्या आकारात. आकडा सत्त्याण्णव. वीस मिनिटांनी तोच फोटो थोडा लहान करून. एक्याऐंशी. मग पुन्हा दाबून, म्हणजे कॉम्प्रेस करून, जतन केलेला. मग दाणा टाकलेला. बावन्न, चौतीस, एकोणीस. चौदावी प्रत अकरावर आली, आणि तिथे खातं थांबलं.

मृणालिनीने प्रत्येक प्रतीपुढची वेळ वाचली. त्या माणसाने घाई केलेली नव्हती. मधे जेवणाएवढी सुट्टीही घेतली होती.

"आपल्याकडेच तालीम केली त्याने," ती म्हणाली.

सौमित्रने तिला समजावून सांगितलं. चित्र बनवणारी यंत्रणा चित्र मोठं करत नेते तेव्हा पिक्सेलांच्या जाळीत ठराविक अंतराने येणाऱ्या अतिबारीक खुणा राहतात. डोळ्याला त्या दिसत नाहीत. त्याची प्रणाली मुख्यतः त्याच ओळखायला शिकली होती. पण फोटो दाबून जतन केला की सर्वांत आधी बारीक तपशीलच फेकला जातो. आकार बदलला की जाळी विस्कटते. वरून पेरलेला दाणा उरलेलं झाकतो. चित्र डोळ्याला तेच राहतं, खुणा मात्र जातात. शिकवताना त्याने प्रणालीला बहुतेक स्वच्छ चित्रंच दाखवली होती. म्हणून खुणा दिसल्या नाहीत की ती चित्र खरंच धरत होती.

"म्हणजे तिला काही दिसलं नाही, एवढंच ते अकरा सांगत होतं," मृणालिनी म्हणाली. "आणि मी त्यावर सही केली."

स्वच्छ प्रत हाती आल्यामुळे फोटो बनावट असल्याचं सिद्ध झालं. संकेतस्थळाने दुरुस्ती छापली. ती किती जणांनी वाचली कोण जाणे.

पुढच्या आठवड्यात मृणालिनी आनंदाच्या घरी गेली. तो पलंगावर भिंतीला टेकून बसला होता. ते उत्तर आपणच पाठवलं होतं, असं तिने सांगितलं. त्याची बायको रखमा चहाचं आधण ठेवत होती. तिने मागे न वळताच विचारलं, "त्या चेडवाची आवस खंय आसा, ह्यां कोणी इचारल्यान?"

त्या मुलीची आई कुठे आहे, हे कुणीच विचारलं नव्हतं. मृणालिनीनेही नाही. ती चहा न घेता उठली. रखमाने तिला थांबवलं नाही.

सौमित्र दोन महिने प्रणाली नव्याने शिकवत होता. आता प्रत्येक चित्र दाबून, लहान-मोठं करून, दाणा पेरून दाखवलं जाई. बनावटही आणि खरंही, नाहीतर दाबलेलं तेवढं बनावट असं ती शिकली असती. आलेल्या फोटोच्याही किंचित बदललेल्या प्रती काढून आकडा किती डगमगतो ते बघितलं जाई. याची किंमत होती. स्वच्छ फोटोंवर ती थोडी जास्त चुकू लागली, आणि दहा ग्रुप फिरून आलेल्या एका खऱ्या बारशाच्या फोटोवर तिने संशय घेतला. मृणालिनीच्या हट्टाने तिसरं उत्तर आलं, 'सांगता येत नाही.' गिऱ्हाइकांना ते आवडलं नाही. दोघं सोडून गेले. फुकटच्या आवृत्तीवरचा आकडा काढून टाकला, आणि जवळपास तोच फोटो पुन्हा पुन्हा आला की इशारा वाजेल अशी सोय केली. मृणालिनीने स्वतःसाठी नियम केला की फोटोतली माणसं कोण आणि पहिली प्रत कुठली, हे कळेपर्यंत उत्तर द्यायचं नाही.

आनंदाचा हात जुळला, पण मूठ पूर्ण वळत नाही. काही पालक स्वतः घरी येऊन परत ये म्हणाले. तो गेला नाही. आता तो वडाळ्याच्या एका गोदामात पहारा करतो. फोटो बनवणारा सापडला नाही. आनंदाशी त्याचं काय वैर होतं, की काहीच नव्हतं, तेही कळलं नाही.

जुलैतल्या एका मंगळवारी सकाळी इशारा वाजला. नवं खातं, नवा फोटो. रुग्णालयाचा कॉरिडॉर, परिचारिकेच्या वेशातली एक बाई पाळण्यातून बाळ उचलून पिशवीत ठेवतेय. पहिली प्रत स्वच्छ. दुसरी लहान केलेली. तिसरी दाबलेली. सौमित्रने खातं बंद केलं नाही, पुढची प्रत येते का ते बघत राहिला. ती आली नाही.

"आकडा दिसत नाही म्हणून कंटाळला असेल," तो म्हणाला.

"किंवा दुसरीकडे गेला असेल," मृणालिनी म्हणाली. "अशी फुकटची संकेतस्थळं काय कमी आहेत? कुठेतरी आकडा दाखवतच असतील."

तिने पोलिसांना कळवलं. त्यांनी फोटो मागवून घेतला आणि विचारलं, बाई कोण? तेच तिला माहीत नव्हतं. बाळ बनवलेलं असेल, कॉरिडॉरही. चेहरा मात्र कुणाचा तरी खरा वाटत होता, कपाळावरच्या कांजण्यांच्या व्रणासकट. मृणालिनीने जवळची म्हणून आधी परळमधल्या रुग्णालयांची यादी काढली आणि पहिला नंबर फिरवला. पलीकडून विचारलं गेलं, काय काम आहे. कपाळावर व्रण असलेली कुणी परिचारिका तुमच्याकडे असेल तर तिला सावध करायचंय, असं तिने सांगितलं.